ढोल ‘बोलतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न : आम्ही पंचवटीत ढोलपथकात वाजवतो. ‘आज ढोल बोलला’ असं आमच्यात सर्रास म्हणतात, तबल्याचेही ‘बोल’ असतात. आफ्रिकेत ढोलावरून निरोप जायचे आणि कुठल्याशा बेटावर लोक शिट्टीने बोलतात असं ऐकलं. ते खरंच बोलणं, की आपल्यासारखं नुसतं म्हणायचं म्हणून? आणि मराठीत त्याला शब्द काय वापरावा?

तिथे ‘बोलणं’ हा शब्द शब्दशः खरा आहे. आपल्याकडे तो लक्षणेने आला आहे. हा फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे: आजवर कधी न सांगितलेली गोष्ट त्या वाद्यावरून सांगता येते का?

आपली दवंडी घ्या. हलगी कडाडली की माणसं ओट्यावर येतात, पण उद्या बाजार भरणार नाही हे हलगी सांगत नाही. ते दवंडीवाला तोंडाने सांगतो. डांगोरा पिटणे, डंका पिटणे, दवंडी पिटणे असे बातमी पसरवण्याचे किती वाक्प्रचार चर्मवाद्यांवरून आले, पण त्या सगळ्यांत वाद्याचं काम ‘इकडे लक्ष द्या’ एवढंच. गुराख्याची शीळ, रेल्वेच्या गार्डाची शिट्टी हेही तसेच ठरलेले संकेत. ठरलं नसेल ते त्यातून सांगता येत नाही.

तबल्याच्या ‘बोलां’ची तर दिशाच उलटी आहे. ‘धा’, ‘तिरकिट’ ही आघातांना दिलेली नावं. हाताने काय वाजवायचं ते तोंडाने म्हणून लक्षात ठेवण्याची ती सोय. तिथे आघाताला अक्षर मिळतं. बोलत्या ढोलात अक्षराला आघात मिळतो.

आता काँगो नदीच्या काठी जाऊ. तिथे लोकेले लोक राहतात, त्यांच्या भाषेचं नाव ‘केले’. जॉन कॅरिंग्टन हा इंग्रज मिशनरी १९३८ मध्ये तिथे गेला, केले शिकला, ढोल वाजवायलाही शिकला आणि १९४९ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा ढोल चामड्याचा नसतो. लाकडाचा ओंडका एका अरुंद चिरेतून आत कोरत पोकळ करतात. चिरेच्या दोन काठांची जाडी वेगवेगळी ठेवतात, म्हणून एका काठावर मारलं की सूर उंच येतो, दुसऱ्यावर खालचा. म्हणजे हाताशी फक्त दोन सूर. तुमच्या ढोलालाही टिपऱ्याची बाजू आणि थापेची बाजू असे दोन आवाज असतातच. मग त्यांचा का बोलतो आणि आपला का नाही?

कारण ढोलात नाही, भाषेत आहे. केले ही सुरांची भाषा. प्रत्येक अक्षर उंच म्हणायचं की खाली हे ठरलेलं असतं आणि ते चुकलं तर शब्दच बदलतो. ‘लिसाका’ची तिन्ही अक्षरं खालच्या सुरात म्हटली तर अर्थ डबकं. शेवटचं उंच केलं तर वचन. शेवटची दोन उंच केली तर विष. ‘आलांबाका बोइली’ हे एका चढउतारात म्हटलं तर ‘त्याने नदीकाठावर नजर ठेवली’ आणि दुसऱ्या चढउतारात म्हटलं तर ‘त्याने सासूला उकळलं’! एकेका अक्षराचा सूर तिथे आपल्या काना-मात्रांइतका कामाचा. ढोल तोंडातली व्यंजनं-स्वर सगळे टाकून देतो आणि नेमके हे सूर व त्यांची लय तेवढी उचलतो. मराठीतही आवाज चढतो-उतरतो, पण तो प्रश्न, राग, लाड दाखवायला. ‘पाणी’ कसंही म्हटलं तरी पाणीच. त्यामुळे मराठीतून ढोलाला उचलण्याजोगं फारसं काही मिळत नाही. यात नाशिक ढोलाची काही उणीव नाही.

खरी गंमत पुढे आहे. दोनच सूर उरले की असंख्य शब्द एकसारखे होणार. ‘सोंगे’ म्हणजे चंद्र, ‘कोको’ म्हणजे कोंबडी, आणि दोन्ही शब्द उंच-उंच. ढोलावर दोन्हींचे नुसते दोन सारखे ठोके. मग दोन-तीन कोसांवरच्या माणसाने काय समजायचं? म्हणून ढोलावर एकटा शब्द कधी वाजवतच नाहीत, त्याला ठरलेलं शेपूट असतं. चंद्र नुसता चंद्र नाही, ‘सोंगे ली तांगे ला मांगा’, पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र. कोंबडी म्हणजे ‘कोको ओलोंगो ला बोकिओकिओ’, किओकिओ करणारी इवलीशी कोंबडी. पहिले दोन ठोके सारखे असले तरी पुढची सुरावट वेगळी पडते आणि ऐकणारा बरोबर शब्दावर येतो.

वरवर ही काव्यात्मक हौस वाटते, पण मला ती आपल्या फोनवरच्या बोलण्याची आठवण करून देते. नाव नीट ऐकू जात नसलं की आपण म्हणतो, ‘ण, बाणाचा ण’, ‘भ, भटजीचा भ’. जे गळालं ते भरून काढायला आपण शब्द जोडतो. लोकेले ढोलिया प्रत्येक शब्दाला हेच करतो. म्हणून तोंडी दोन शब्दांत संपणारा निरोप ढोलावर लांबलचक होतो. ‘घाबरू नका’ हे वाजवायचं तर तुमचं काळीज तोंडाशी आलंय ते पुन्हा खाली जाऊ द्या, असं सांगतात. वेळ जास्त लागतो, पण रात्रीच्या शांत हवेत तो आवाज नऊ-दहा किलोमीटरवरचं गाव ऐकू शकतं आणि तिथला ढोलिया पुढे धाडू शकतो. रात्रच का, तर जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते. अशा वेळी आवाज वर निसटण्याऐवजी वळून खाली येतो. उन्हं तापल्यावर उलटं होतं.

या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. शेपटं ठरलेली, म्हणून ती ज्याला पाठ आहेत त्यालाच निरोप कळणार. केले अस्खलित बोलणारा, पण ढोलाची शेपटं न शिकलेला तरुण ऐकून नुसता उभा राहील.

आता शिट्टी. इथे मराठीला जागा आहे. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं ला गोमेरा हे बेट खोल घळींनी चिरलेलं आहे. समोरच्या कड्यावरचा माणूस दिसतो, पण त्याच्यापर्यंत चालत जायचं तर आधी घळ उतरा, मग चढा. तिथले लोक तोंडात बोट घालून शीळ घालतात आणि त्यातून बोलतात. त्याला ‘सिल्बो’ म्हणतात. १९९९ पासून तो तिथल्या शाळेत शिकवतात आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आला. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ती निराळी भाषा नाही, ती स्पॅनिशच आहे. आणि स्पॅनिश, आपल्यासारखीच, सुरांची भाषा नाही.

मग शिळेत काय जातं? स्वरांचे आकार जातात. ओठ जागच्या जागी ठेवून शीळ घाला आणि आत जिभेने ‘ई’ म्हणा, मग ‘ऊ’ म्हणा. ‘ई’ला जीभ पुढे येते आणि सूर वर जातो, ‘ऊ’ला मागे जाते आणि सूर खाली येतो. ‘आ’ही खालच्याच बाजूला, पण ‘ऊ’च्या वर. व्यंजनं म्हणजे या सुराला दिलेले वळसे. रामोन त्रुहियो या भाषाशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेल्या हिशेबाने सिल्बोत व्यंजनांचे चारच गट पडतात. दातांकडची व्यंजनं सूर वर ओढतात, ओठांची आणि कंठातली खाली ओढतात. त्यात कठोर व्यंजनाला शीळ तुटते, मृदू व्यंजनाला ती अखंड राहते. पुढच्या अभ्यासकांनी याहून बारीक भेद ऐकू येतात असं दाखवलं आहे, पण ढाचा हाच.

हा ढाचा मी आपल्या ‘ध चा मा’ला लावून पाहिला. ज्यांच्या नावाची आपली आनंदवल्ली, त्या आनंदीबाईंवर १७७३ पासून ते किटाळ आहे. त्यांनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं म्हणतात. ढोलावर दोन्हींचे तीन-तीन ठोके, फार तर पहिल्याची लांबी वेगळी. शिळेत मात्र ‘ध’ सूर वरून आणतो आणि ‘मा’ खालून, त्यामुळे हा घोटाळा कड्यावरून ओरडण्यापेक्षा शिळेत कमी होईल. उलट ‘दादा’ आणि ‘नाना’ दोघेही दातांकडचे आणि अखंड, तेव्हा ते एक होतील. ‘बाबा’ आणि ‘मामा’ही एक होतील. ‘काका’ची शीळ तुटते, म्हणून तो वेगळा राहील. ‘क’ आणि ‘ख’ वेगळे ठेवायला या ढाच्यात मला जागा दिसत नाही.

म्हणून शब्दाबद्दल माझं मत सांगतो. ‘शीळभाषा’ किंवा ‘ढोलभाषा’ नको, कारण भाषा जुनीच असते, फक्त अंगरखा बदलतो. ‘बोली’ तर त्याहून चुकीचं, कारण वऱ्हाडी-अहिराणीला आपण बोली म्हणतो. हे लिपीच्या जवळचं आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा लिहीत नसत, तरी ती मराठीच होती आणि वाचणारा संदर्भाने भरून काढायचा. सरळ ‘शिळेतलं बोलणं’, ‘ढोलावरचं बोलणं’ म्हणावं. नेमकं सांगायचं तर ‘शिळेतली स्पॅनिश’, ‘ढोलावरची केले’. आणि ‘शिट्टी’पेक्षा ‘शीळ’ बरा, कारण शिट्टी म्हटलं की गार्डाच्या हातातली वस्तूही डोळ्यापुढे येते. शीळ घालायला वेगळी वस्तू लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात पहिन्याच्या बाजूला मी आणि माझी भाची दोन उंचवट्यांवर उभे राहिलो होतो, मध्ये ओढा खळखळत होता. हाका मारल्या तर त्या पाण्यात विरघळत होत्या, शीळ मात्र येत होती. तिचा सूर पाण्याच्या खळखळाटापेक्षा बराच उंच आणि सगळा जोर एका बारीक रेघेत एकवटलेला असतो, म्हणून ती वेगळी काढता येते. ‘ये’ आणि ‘जा’ तिने पहिल्याच दिवशी ओळखले, कारण ‘ए’ उंच आणि ‘आ’ खाली. पण मी ‘बाबा’ आणि ‘मामा’ आलटून पालटून शीळ घातली तर तिचं निम्म्या वेळा चुकलं, म्हणजे ती नुसता अंदाज बांधत होती. मग पाळी तिची आली. तिने शीळ घातली ती अशी: खालून एकदम वर, क्षणभर थांबून पुन्हा खालून थोडं आणखी खाली. मला दोनदा ऐकावी लागली. ‘आई’ आणि मग ‘भाऊ’. मामा म्हणायचं होतं, म्हणून तिने आईचा भाऊ सांगितला होता. लोकेले लोकांचं तिला मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं.