पहाटे तीनची जाग

"मॅडम, मी 46 वर्षांची, वजन 52 किलो. पडल्या पडल्या झोप लागते, पण तीनच्या सुमारास टक्क जाग येते ती येतेच. सकाळी अंग दगडासारखं जड असतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आहे. डॉक्टरांनी टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली, पण सकाळ आणखीच वाईट झाली. घरचे म्हणतात, तू फार विचार करतेस. हे खरंच मनाचं आहे का?"

तीन वर्षांपूर्वी इंदूरच्या रामबागेतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नाव आणि ओळखीचे तपशील बदलते, सुनंदाताई म्हणू. 49 वर्षं, अंगाने काटकुळ्या, शाळेत शिक्षिका. त्यांनाही 'निद्रानाश, चिंता' असं लिहून माझ्याकडे पाठवलं होतं आणि मीही ते मुकाट्याने खरं मानलं. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

निद्रानाशात आम्ही आधी झोपेची डायरी लिहायला लावतो आणि मग अंथरुणात पडून राहण्याचा वेळ कमी करतो. त्यांना मी साडेअकरा ते साडेपाच एवढीच वेळ दिली. सुरुवातीला त्रास होतो, पण दोन-तीन आठवड्यांत झोप सहसा घट्ट होते, सलग लागते. सुनंदाताईंची झाली नाही. उलट चौथ्या आठवड्यात त्या वर्गात फळ्यासमोर उभ्या असताना डुलक्या घ्यायला लागल्या. तेव्हा मी डायरी पुन्हा काढली.

त्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती आणि मी ती वाचून सोडून दिली होती. जाग आली की तोंड कोरडं, छाती धडधडते आणि लघवीला जावं लागतं. तेही रात्रीत तीनदा. सकाळी कपाळ ठणकतं आणि चहा होईतो आपोआप थांबतं. काळजीने जागा झालेला माणूस आधी कसला तरी विचार सांगतो: मुलीचं लग्न, घराचा हप्ता. सुनंदाताई म्हणत, "विचार नंतर येतात हो. आधी जाग येते, अगदी कुणी हलवल्यासारखी."

घोरण्याबद्दल विचारलं तर यजमान म्हणाले, "छे, तिचा आवाज कधीच नाही." ते स्वतः इतके घोरतात की ऐकणार तरी कसे! मेमध्ये सगळे गच्चीवर झोपायला लागले तेव्हा मुलगी आईशेजारी होती. शब-ए-मालवा म्हणून जिची ख्याती, त्या गार रात्री तिने साडेतीनला मोबाइलवर आईची चार मिनिटं टिपली. ती चित्रफीत मी पाहिली. घोरणं नाहीच. हलकासा 'फुस्' श्वास, मग श्वास पातळ होत होत जवळजवळ थांबतो. पोट मात्र वरखाली होत राहतं. अकरा-बारा सेकंदांनी उजव्या हाताची बोटं आखडतात, एक लांब श्वास येतो आणि कूस बदलते. चार मिनिटांत हे चारदा झालं.

हा स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, असू शकतो हे माझ्या मनात तेव्हा आलं. निदान करणं माझं काम नाही, म्हणून मी त्यांना छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे चाळणीसाठी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. त्यातले चार प्रश्न असे: पुरुष आहात का, वय पन्नासच्या वर आहे का, मान 40 सेंटिमीटरहून जाड आहे का, बीएमआय 35 च्या वर आहे का. सुनंदाताईंचं चारही ठिकाणी 'नाही'. हा आजार बायकांमध्ये हुकतो तो इथेच. चाळणीची भोकंच जाड पुरुषाच्या मापाची.

मग घरी नेण्याच्या यंत्रावर एक रात्र तपासणी झाली. ताशी 4 अडथळे. पाचच्या आत म्हणजे नॉर्मल. ताई तो कागद घेऊन माझ्यासमोर रडल्या, "म्हणजे माझंच डोकं खराब."

त्या कागदाचं गणित नीट बघा. यंत्राने आठ तासांत 32 अडथळे मोजले, भागिले आठ म्हणजे चार. पण डायरीप्रमाणे त्या रात्री ताई अडीच तास जाग्या होत्या. जागेपणी श्वास अडत नाही. 32 ला झोपेच्या साडेपाच तासांनी भागलं की आकडा पाचच्या वर जातो. शिवाय डोक्याला तारा नसल्याने त्या यंत्राला मेंदूची जाग दिसत नाही. श्वास अडला, ऑक्सिजन फार घसरायच्या आधीच मेंदू दचकून जागा झाला, तर असा अडथळा ते धरतच नाही. बायकांमध्ये आणि सडपातळ माणसांत नेमके असेच अडथळे पुष्कळ असतात.

डॉक्टरांनाही हे पटलं आणि झोपेच्या प्रयोगशाळेत पूर्ण रात्रीची तपासणी झाली. सहा तास झोप, 96 अडथळे, म्हणजे ताशी 16. पंधराच्या वर मध्यम. त्यातले 41 एकट्या स्वप्नांच्या झोपेतल्या तासाभरात होते. या झोपेत शरीराचे स्नायू, घशाचेसुद्धा, सैल पडतात आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तीनची जाग तीनलाच का, याचं उत्तर तिथे मिळालं. लघवीचंही मिळालं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदय ताणलं जातं आणि त्यातून पाणी बाहेर टाका असा निरोप देणारं संप्रेरक सुटतं. मूत्राशय खरोखरच भरतं.

मग बारीक बाईचा घसा बंद का व्हावा? डॉक्टरांनी ताईंना बाजूने बसवून दाखवलं: हनुवटी किंचित मागे, टाळू उंच आणि अरुंद. जबडा लहान असला की जिभेला जागा कमी पडते, त्याला चरबी लागत नाही. त्यात त्यांची पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला चालना देतं, तो आधारही गेला.

गोळीने सकाळ का बिघडली, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. सुनंदाताईंनाही झोपेची गोळी दिलेली होती, ती बेंझोडायझेपिन गटातली. ती स्नायू सैल करते आणि श्वास अडल्यावर येणारी जागही लांबवू शकते. तुमची त्या गटातली असली तरी स्वतःहून एकदम बंद करू नका. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

ताईंना सीपॅप यंत्र मिळालं, नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देणारं. पहिले तीन आठवडे हाल झाले. नाक कोरडं पडायचं, दोन वाजता झोपेतच मास्क काढून उशीखाली जायचा. हवा दमट करणारी सोय जोडली आणि मास्कचा आकार बदलला, तेव्हा कुठे रात्री पाच तास टिकू लागला. सकाळची डोकेदुखी आधी गेली, मग लघवीचं उठणं एकदावर आलं. तीनला घड्याळ बघायची सवय मात्र यंत्राने गेली नाही. ती माझ्या वाट्याची होती. आधी फसलेली तीच पद्धत पुन्हा लावली आणि या वेळी ती लागू पडली.

तुमच्या थकव्याचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. पण दोन आठवडे डायरी लिहा: जाग किती वाजता, तोंड कोरडं का, लघवी किती वेळा, डोकं किती वेळ दुखलं. पहाटे तीन ते पाचमधला व्हिडिओ कुणाकडून तरी घ्या. हे सगळं घेऊन छातीरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. घरची तपासणी नॉर्मल आली, तर आकडा कशाने भागला आहे, यंत्र चालू असलेल्या तासांनी की झोपेच्या, एवढं विचारल्याशिवाय कागद घडी करून ठेवू नका.