लूप चालू असताना लिस्टमधून काढलं, तर आउटपुट चुकतं कुठे?

प्रश्न: मी अकरावीला आहे, नाशिकला. खालच्या प्रोग्रामचं आउटपुट मी 2, 4, 6, 7, 8 आणि शेवटी [7] लिहिलं होतं. कॉम्प्युटर 2, 6, 8 आणि [4, 7] दाखवतो. का?

```python
a = [2, 4, 6, 7, 8]
for x in a:
    print(x)
    if x % 2 == 0:
        a.remove(x)
print(a)
```

उत्तर: गंगापूर रोडला मी शिकवणी घेतो. माझ्याकडची बरीच मुलं इथे हेच उत्तर लिहितात, कारण सगळे x ची किंमत लिहीत जातात आणि लिस्ट मनातच ठेवतात. ड्राय रन करताना एक रकाना इंडेक्सचा आणि एक लिस्टचा हवाच.

पायथन आकडे लक्षात ठेवत नाही, फक्त "आता कितवी जागा" एवढंच ठेवतो. जागा 0 वर 2 आहे. तो छापला, काढला. लिस्ट झाली [4, 6, 7, 8]. सीबीएसवर रांगेतला पहिला माणूस बसमध्ये चढला की मागचे पुढे सरकतात, तसा 4 सरकून जागा 0 वर आला. पण पायथन आता जागा 1 बघणार आणि तिथे 6 आहे. 4 कडे कुणी पाहिलंच नाही.

6 छापला, काढला. उरली [4, 7, 8]. आता जागा 2, तिथे 8. तोही छापून गेला, उरली [4, 7]. पुढची जागा 3, पण लिस्टची लांबी आता 2 आहे, म्हणून लूप थांबलं.

आता 7 कडे नीट बघ. तो विषम आहे म्हणून वाचला असं वाटतं, पण तो छापलाच गेलेला नाही. म्हणजे त्याची तपासणीच झाली नाही. 7 च्या जागी 10 लिहून चालव: शेवटी [4, 10] येईल, दोन्ही सम. मी वर्गात हा बदल नेहमी करून दाखवतो, कारण [4, 7] मधला 7 बरोबर दिसतो आणि अर्धी चूक झाकली जाते.

याहून फसवं उदाहरण [1, 2, 3, 4] चं. तिथे शेवटी [1, 3] असं अगदी बरोबर उत्तर येतं. 2 गेल्यावर 3 निसटतो, पण तो ठेवायचाच होता. दोन सम आकडे शेजारी आले की मगच चूक उघडी पडते. म्हणून लूपच्या आतला `print(x)` काढू नकोस. कोण निसटलं ते तोच दाखवतो.

तू लिहिलेलं आउटपुट हवं असेल, तर दुसरी ओळ अशी कर:

```python
for x in a[:]:
```

`a[:]` ही लिस्टची प्रत. लूप प्रतीवर चालतं, काढणं मूळ `a` मधून होतं, त्यामुळे प्रतीतली कुठलीच जागा सरकत नाही.