सहा महिने म्हणजे नक्की किती दिवस?

प्रश्न: मला 1 मार्चला दहा लाख द्यायचे आहेत. आज 1 सप्टेंबर. सहा महिन्यांच्या ठेवीवर 7 टक्के, तर 183 दिवसांच्या ठेवीवर 7.10 टक्के व्याज आहे. महिन्याचे सरासरी 30.44 दिवस धरले तर सहा महिने म्हणजे 182.64 दिवस होतात, म्हणून दोन्ही मुदती एकच समजून जास्त व्याजाची ठेव घेऊ का?

उत्तर: नको. येत्या फेब्रुवारीत 28 दिवस आहेत, त्यामुळे 1 सप्टेंबर ते 1 मार्च हे अंतर 30, 31, 30, 31, 31 आणि 28 मिळून 181 दिवसांचे होते. 183 दिवसांची ठेव 3 मार्चला परिपक्व होईल, म्हणजे देणे चुकते करायच्या तारखेनंतर दोन दिवसांनी.

आपला गुणाकार बरोबर आहे, पण 30.44 हा आकडा वर्षाच्या 365.2425 दिवसांना 12 ने भागून आलेला आहे आणि तो कोणत्याही विशिष्ट सहा महिन्यांना लागू पडेलच असे नाही. हेच सहा महिने 1 मार्चपासून मोजले तर 184 दिवस भरतात. म्हणजे सरासरी एका बाजूला 1.64 दिवस जास्त आणि दुसऱ्या बाजूला 1.36 दिवस कमी सांगते. सर्वात मोठी चूक एकट्या फेब्रुवारीत होते. तेथे ती 2.44 दिवसांची, म्हणजे जवळपास 9 टक्के असते. मुदत वाढली तरी ही चूक वाढत जात नाही, कारण पूर्ण वर्षाला सरासरी 365.28 दिवस देते आणि जमलेली तफावत तेथे बहुतांशी मिटते. याउलट महिना 30 दिवसांचा धरण्याची सवय दरवर्षी सरासरी 5.24 दिवस गाळते, आणि दहा वर्षांत ती गळती 52 दिवसांच्या वर जाते.

आता पैशांकडे पाहू. सरळव्याजाने 183 दिवसांत सुमारे 35,597 मिळतील आणि सहा महिन्यांच्या ठेवीत, 181 दिवसांचे व्याज धरून, सुमारे 34,712. फरक 885 चा. परंतु 1 मार्चला पैसे हवेत म्हणून 183 दिवसांची ठेव मुदतीआधी मोडली आणि अटीनुसार व्याजदर एक टक्क्याने घटला, तर हाती केवळ 30,249 येतील. म्हणजे 885 च्या मोहापायी सुमारे 4,460 गमवावे लागतील, आणि मोडण्याच्या अटी याहून कडक असू शकतात.

म्हणून सहा महिन्यांचीच ठेव घ्यावी. मात्र तिच्या पावतीवरची परिपक्वतेची तारीख 1 मार्च आहे ना, आणि त्या दिवशी सुट्टी असल्यास पैसे कधी जमा होतील, हे आधी विचारावे. समोरची व्यक्ती देण्यासाठी 3 मार्चपर्यंत लेखी सवलत देणार असेल, तरच 183 दिवसांची ठेव फायद्याची ठरेल.