ठरावातलं ‘येतील’ आणि व्हिजिटिंग कार्डावरचा ‘संचालक’

प्रश्न : आमच्या खासगी कंपनीने थकबाकी वसुलीचा दावा लावला आहे. वादपत्रावर आमच्या वित्त विभागाच्या प्रमुखांची सही आहे. सोबत जोडलेल्या संचालक मंडळाच्या ठरावात ‘संचालक (वित्त) यांना दावा दाखल करण्याचे अधिकार देण्यात येतील’ असे टाइप झाले आहे. ते व्हिजिटिंग कार्डावर संचालक म्हणवतात, पण मंडळावर नाहीत. ठरावाच्या प्रतीवर ‘खरी नक्कल’ म्हणून सहीही त्यांचीच आहे. कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ शब्दही सुटला आहे. प्रतिवादीने हरकत घेतली आहे. ठराव दुरुस्त करून जुन्याच तारखेने पुन्हा सही करून दिला तर चालेल का?

उत्तर : नाही. जुन्या तारखेचा कागद आज तयार करायचा नाही. इतिवृत्तात फेरफार केल्याचं सिद्ध झालं, तर कंपनी कायदा 2013च्या कलम 118 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे. आज तुमच्याकडे एक सदोष ठराव आहे. तो बदलून दिलात तर खोटा दस्तऐवज होईल, आणि उलटतपासणीत तो उघडा पडायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

‘प्रायव्हेट’ सुटल्याने सहसा दावा बुडत नाही. कंपनी कोणती याबद्दल संभ्रम नसेल, तर न्यायालयं अशा चुकीकडे सहसा लेखनदोष म्हणूनच पाहतात. पुढच्या कागदावर नाव नोंदणी प्रमाणपत्रात आहे तसं, अक्षरशः लिहा. तुमचं खरं दुखणं ‘संचालक’ या शब्दात आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 29, नियम 1 सांगतो की कंपनीच्या वतीने वादपत्रावर सही आणि सत्यापन सचिव, संचालक किंवा वस्तुस्थिती सांगू शकणारा प्रमुख अधिकारी करू शकतो. तुमचे गृहस्थ संचालक नाहीत. ‘प्रमुख अधिकारी’ आहेत की नाही यावर वाद घालता येईल, पण तो पुराव्याने सिद्ध करावा लागेल. म्हणजे सगळा भार ठरावावर आला, आणि तो ठराव म्हणतो ‘देण्यात येतील’. कधी? पुढच्या बैठकीत? प्रतिवादीचा वकील हाच प्रश्न विचारणार, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही हाच विचारला असता.

इथे काळाचा नियम साधा आहे. कंपनी सचिवांच्या संस्थेचं सचिवीय मानक 1 सांगतं, की इतिवृत्त तृतीय पुरुषात आणि भूतकाळात लिहावं, पण ठराव वर्तमानकाळात. ‘अध्यक्षांनी थकबाकीची माहिती दिली’ हा वृत्तांत झाला. ‘यांना याद्वारे प्राधिकृत करण्यात येत आहे’ हा ठराव झाला. ठरावाचं वाक्य म्हणजेच मंडळाची कृती, म्हणून ते त्याच क्षणात हवं. ‘येतील’ म्हटलं की नुसता मनोदय उरतो, ‘आले होते’ म्हटलं की कधीतरी दुसरीकडे झालेल्या ठरावाचा उल्लेख वाटतो. बैठकीची टिपणं थेट ठरावात उतरवणाऱ्यांकडून हा गोंधळ मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि सही करणारे तो वाचतही नाहीत.

आता प्रथम इतिवृत्त पुस्तक उघडा, प्रत बाजूला ठेवा. त्यात ठराव वर्तमानकाळात आहे आणि चूक फक्त प्रत टाइप करताना झाली आहे असं दिसलं, तर नशीब. मग नवी प्रमाणित प्रत काढा, प्रमाणित केल्याची आजची तारीख घाला आणि ती आधीच्या प्रतीत टंकलेखनाची चूक असल्याच्या प्रतिज्ञापत्रासह दाखल करण्याची परवानगी मागा. इतिवृत्तातच ‘येतील’ असेल, तर पुस्तकात नोंदलेलं इतिवृत्त खोडता किंवा बदलता येत नाही. पुढच्या बैठकीत मंडळाची स्पष्ट मान्यता घेऊनच बदल होतो. तुमच्या बाबतीत त्याहून सरळ मार्ग नव्या ठरावाने मागचं कृत्य कायम करून घेण्याचा आहे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध नरेश कुमार या निकालात असं कायम करणं मान्य केलं आहे, आणि निव्वळ तांत्रिक दोषावर खरा दावा हरवू नये असंही म्हटलं आहे. पण त्यावर निर्धास्त होऊ नका. 2011 मध्ये स्टेट बँक ऑफ त्रावणकोर विरुद्ध किंग्स्टन कॉम्प्युटर्स प्रकरणात सही करणाऱ्याने स्वतःला संचालक म्हटलं होतं, पण त्याला अधिकार देणारा मंडळाचा ठराव सादर झाला नाही, आणि दावा टिकला नाही.

नव्या ठरावाचा मसुदा साधारण असा ठेवा :

‘ठरविण्यात येते की, कंपनीचे व्यवस्थापक (वित्त) श्री. ____ यांनी दावा क्र. ____ मधील वादपत्रावर कंपनीच्या वतीने दि. ____ रोजी केलेली सही व सत्यापन आणि त्या दाव्यात आजवर केलेली कामे कंपनी याद्वारे मान्य व कायम करीत आहे. आणि तो दावा पुढे चालविण्यासाठी व त्यात साक्ष देण्यासाठी त्यांना याद्वारे प्राधिकृत करीत आहे.’

झालेल्या कामांना ‘केलेली’ आणि मंडळाच्या कृतीला ‘करीत आहे’, हा फरक मोडू नका. तडजोडीचा अधिकार मी मुद्दाम घातलेला नाही. तो द्यायचा की नाही हे मंडळ ठरवेल. ‘व्यवस्थापक (वित्त)’ हे पद नियुक्तिपत्रात जसं असेल तसं लिहा, कार्डावर काय छापलंय ते नको.

सहीच्या रकान्यात तुम्ही आधी केलेली चूक पुन्हा करू नका. ज्याला अधिकार मिळतोय त्यानेच ‘खरी नक्कल’ म्हणून सही केली, तर त्या प्रतीला वजन राहत नाही. कंपनी सचिव असतील तर त्यांनी, नसतील तर मंडळाने अधिकार दिलेल्या, प्रत्यक्ष मंडळावर असलेल्या संचालकाने सही करावी. त्याखाली पूर्ण नाव कंपनी निबंधकांच्या नोंदीत आहे तसं, पद, संचालक असल्यास आठ अंकी संचालक ओळख क्रमांक, ठिकाण आणि दिनांक. तारखा दोन असतात : बैठकीची तारीख मजकुरात येते, प्रमाणित केल्याची तारीख सहीखाली. लोक बैठकीचीच तारीख दोन्हीकडे टाकतात आणि मग त्या दिवशी गावाबाहेर असलेल्या माणसाची सही कशी, हे साक्षीत सांगत बसतात.

बैठकीसाठी किमान सात दिवसांची नोटीस लागते. तेवढं थांबायचं नसेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 175 प्रमाणे मसुदा सर्व संचालकांना पाठवून बहुमताने ठराव फिरवून संमत करता येतो. दावा चालवण्याचा अधिकार मंडळाच्या बैठकीतच वापरायच्या अधिकारांच्या कलम 179(3) मधल्या यादीत येत नाही, त्यामुळे तुमच्या नियमावलीत वेगळी अट नसेल तर हा मार्ग खुला आहे. पुढच्या बैठकीत त्याची नोंद घ्या.

आणि घाई करा. वादपत्रातलं ‘संचालक’ हे पदही दुरुस्त करावं लागेल, आणि आदेश 6, नियम 17 प्रमाणे सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मागायची तर ‘पुरेशी दक्षता घेऊनही आधी मागता आली नाही’ हे दाखवावं लागतं. ही चूक तुमच्याच फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून पडून आहे, त्यामुळे ते तुम्हाला दाखवता येणार नाही. तुमच्या वकिलांना आजच विचारा, साक्षीचं प्रतिज्ञापत्र दिलं आहे का. दिलं नसेल तर ते देण्याआधी दुरुस्तीचा अर्ज जायला हवा, कारण सुनावणी तिथून सुरू झाली असं सहसा धरलं जातं. दावा व्यापारी न्यायालयात असेल, तर उशिरा कागद दाखल करण्याचे नियम आणखी कडक आहेत, तेही त्यांनाच पाहू द्या.