स्वस्तात घेणारा पुढे महाग का विकत नाही?

प्रश्न: एकच माल एका गिऱ्हाईकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग विकला तर स्वस्तवाला तोच माल उचलून महागवाल्याला विकून मोकळा होईल ना? मग विकणारे हे रोखतात कसं?

हो भाऊ, होतोच की मोकळा, जिथे जमतं तिथे. दोन दरांमधला फरक किती राहू शकतो हे विकणाऱ्याच्या मनावर नसतं, माल स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे न्यायला जेवढा खर्च, कटकट आणि धोका आहे साधारण तेवढाच फरक टिकतो. त्याच्या वर गेला की मधे कोणीतरी उभा राहतोच. त्यामुळे विकणाऱ्याचं सगळं डोकं एकाच गोष्टीवर चालतं, की हा इकडून तिकडे न्यायचा खर्च वाढवायचा कसा.

सेवा असेल तर फार डोकं लावावं लागत नाही. एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, आता जळगाव-धुळे अर्ध्या तिकिटाचा प्रवास वहिनी भाऊला विकणार कसा, प्रवास तर तिचा तिलाच करावा लागतो आणि कंडक्टर समोर उभा असतो. डॉक्टरची फी, केस कापणं, कॉलेजची फी, सगळं असंच. खरी गंमत मालात आहे, आणि तीही अशा मालात जो महिनोन्महिने टिकतो, ज्याचे सारखे दाणे असतात आणि गोणी बदलली की कोणाचा होता ते कळत नाही. म्हणजे युरिया.

आमच्या चोपड्याकडे मामाचं कृषी केंद्र आहे, सिझनला मी तिथे बसतो, म्हणून तेच सांगतो. शेतकऱ्याला 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला, म्हणजे किलोला सहा रुपयाच्या आत (बरोबर दुसरं काहीतरी घ्यायला लावणारं लिंकिंग धरलं तर खरा दर वेगळा पडतो, तो विषय वेगळा). पण हाच युरिया प्लायवूडच्या गोंदाला, कापड रंगवायला आणि नव्या डिझेल गाड्यांत टाकायच्या द्रावणालाही लागतो, आणि त्या कारखान्यांना तो सबसिडीशिवाय बाजारभावाने, कैक पट महाग घ्यावा लागतो. आता कोणी म्हणेल हा सरकारचा दर आहे, कंपनी नफ्यासाठी लावते तसला भेदभाव नाही, बरोबर आहे, पण माल इकडून तिकडे पळायचं गणित तेच असतं.

हिशोब करून बघ. कारखान्याला किलो 40 ने पडतो असं धरून चाल (उदाहरणासाठी, भाव खालीवर होतो). गोणीमागे फरक झाला दीड हजाराच्या वर. ज्याच्या नावावर गोणी घेतली त्याला काही, हमाली, गाडीभाडं, साध्या पांढऱ्या गोणीत पलटी मारायची मजुरी, सगळं मिळून अडीचशे धर. तरी बाराशेच्या वर सुटतात, एवढ्या पैशासाठी माणूस रात्रीची गाडी भरणारच ना.

यावर पहिला उपाय काउंटरवर केला. 2018 पर्यंत देशभर पॉस मशीन आलं, आधार नंबर टाकून अंगठा लावला की गोणी. वाटतं पक्कं काम झालं, पण नीट बघ, मशीन फक्त एवढंच सांगतं की घेणारा कोण आहे. गोणी घरी गेल्यावर पुढे कुठे गेली हे मशीनला काय माहीत, आणि सुरुवातीपासून पद्धत अशी की आधार घेऊन आलेल्याला नाही म्हणायचं नाही, त्याची जमीन किती हे मशीन विचारत नव्हतं. म्हणून मग जिल्ह्यात सगळ्यात जास्त गोण्या उचलणाऱ्यांच्या याद्या काढून तपासायला लागले. अडीच एकर असलेल्याच्या आधारवर शेकडो गोण्या दिसल्या की समजायचं, त्याचा अंगठा कोणीतरी भाड्याने घेतलाय. ओळखपत्राची मर्यादाच ही आहे, ते चुकीच्या माणसाला खरेदीपासून अडवतं, बरोबर माणसाला विक्रीपासून नाही.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा, मालातच बदल करायचा. 2015 मध्ये सगळा शेतीचा युरिया नीम कोटेड करणं सक्तीचं झालं. निंबोळी तेलाचा अगदी पातळ थर असतो, पिकाला त्याने त्रास नाही, उलट नत्र हळू सुटतं, पण कारखान्याला ते तेल म्हणजे घाण. म्हणजे माल असा बिघडवायचा की स्वस्तवाल्याला फरक पडू नये आणि महागवाल्याच्या कामाचा राहू नये. डिझेलच्या द्रावणात हे बऱ्यापैकी चालतं, तिथे शुद्धता इतकी कडक लागते की शेतीचा युरिया टाकला तर गाडीची धूर साफ करायची यंत्रणा जाम होते. पण प्लायवूडच्या गोंदाला थोड्या तेलाचं काय पडलंय? तो कारखानदार 40 ऐवजी 25 देईल, बस. मगाचा हिशोब परत कर, फरक साडेआठशेवर आला, खर्च काढून सहाशे उरतात. पळवापळवी कमी होते, थांबत नाही, म्हणूनच हरियाणात यमुनानगरच्या प्लायवूड पट्ट्यात अजून शेतीचा युरिया सापडतो. शेवटचा आकडा मग धाडी आणि अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या केसची भीती ठरवते, आणि ती भीती अधिकाऱ्यागणिक बदलते.

माल बिघडवायची आयडिया जुनी आहे बरं. अमेरिकेत रोम अँड हास कंपनी एकच प्लास्टिक कारखान्यांना 85 सेंट पाउंड आणि कवळ्या बनवणाऱ्यांना 22 डॉलर पाउंड अशी विकायची. लोकांनी स्वस्तातला माल घेऊन दंतवैद्यांकडे पोचवायला सुरुवात केली, तेव्हा एकाने सुचवलं की स्वस्त मालात चिमूटभर आर्सेनिक किंवा शिसं टाका, म्हणजे तोंडात घालायला चालणार नाही. टाकलं नाही, पण टाकलंय अशी अफवा पसरावी हा विचार कंपनीला आवडला होता. मला हे युरियापेक्षा जास्त पटतं, कारण अफवेला खर्च शून्य, कोटिंगला प्लांट लागतो.

कायद्याच्या जोरावर भिंत उभी केली तर काय होतं ते पुस्तकांत दिसलं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांवर छापलेलं असतं ना, फक्त भारत-नेपाळ वगैरे देशांतच विक्रीसाठी, ती तसलीच भिंत. सुपाप किर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून थायलंडमधून अशी स्वस्त पुस्तकं मागवून अमेरिकेत विकली, वायली प्रकाशनाने केस टाकली, आणि 2013 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने सांगितलं की कायदेशीर छापलेली आणि विकत घेतलेली प्रत पुढे विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, मग ती परदेशात का छापलेली असेना. छापील इशाऱ्याचा जोर तिथे संपला. मग प्रकाशकाकडे दोनच रस्ते उरतात. एक तर स्वस्त आवृत्तीचे धडे-गणितं बदलून किंवा पासवर्डवाला ऑनलाइन भाग जोडून ती तिकडे निरुपयोगी करायची, नाहीतर इकडचा दरच वर न्यायचा. दुसरा रस्ता धरला तर मधल्या माणसाचं काही जात नाही, तो दुसरा धंदा बघेल, महाग पुस्तक पडतं ते जळगाव-धुळ्याच्या पोराला.