डबी सोडली की चेहरा पेटतो, तेव्हा

"ताई, पार्लरमधली गोरं व्हायची क्रीम मी दीड वर्षापासून लावतो. लावली की चेहरा मस्त राह्यते. दोन-तीन दिवस सोडली की लालभडक होते, जळते, बारीक फोडं येतात. म्हणजे माह्या चेहऱ्याले ते क्रीम लागतेच ना? सोडू तर सोडू कशी?"

बाई, लागत नाही. तो चेहरा मी ओळखते, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे, तिथे हाच प्रश्न घेऊन एक मुलगी आली होती. तिला इथे सुनंदा म्हणते, नाव बदललं आहे. वय 21. कापसाचा पहिला वेचा सुरू होता आणि ती दुपट्ट्याने तोंड बांधून आत आली. ऊन लागलं की गाल चुलीसमोर धरल्यासारखे होतात, असं म्हणाली.

दुपट्टा काढायला लावून तिला खिडकीशी बसवलं. गाल गुलाबी, ताणलेले आणि चकचकीत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल दोऱ्यासारख्या बारीक शिरा होत्या. हनुवटीवर पुटकुळ्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या, जणू एकाच दिवशी उगवलेल्या. वयातल्या मुरमांत असं सहसा दिसत नाही. त्यात काळे ठिपके, लहान-मोठे फोड, जुने डाग असा सगळा मेळ असतो. जबड्याच्या कडेला लव वाढली होती. काचेचा स्वच्छ पेला मी तिच्या गालावर हलकेच दाबला. काचेखाली लाली गेली, पेला काढताच परत आली. ती लाली फुगलेल्या रक्तवाहिन्यांची होती.

क्रीम एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत होतं. डबीवर नाव नाही, तारीख नाही. आशाताईंना घेऊन मी पार्लरवाल्या बाईंकडे गेले. भांडायला गेले नव्हते, म्हणून त्यांनी मोकळेपणाने दाखवलं: बाजारातल्या कोल्ड क्रीममध्ये त्या दोन ट्यूब पिळून कालवत. एका ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलं होतं, दुसरीवर बीटामेथासोन. ट्यूबच्या डाव्या बाजूला लाल उभी पट्टी होती. मोमेटासोन आणि बीटामेथासोन ही स्टेरॉइडं. पहिली ट्यूब वांगासाठी डॉक्टर देतात, तीही काही आठवडेच. 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, पण डबीत कालवलं की ती पट्टी कोणाला दिसणार? त्या बाई स्वतःही तेच लावत होत्या. त्यांचेही गाल तसेच होते.

लावल्यावर मस्त का वाटतं? स्टेरॉइड चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून चेहरा फिका दिसतो. रंग तयार होण्याचं कामही मंदावतं आणि पुटकुळी दाबली जाते. त्याच वेळी कातडीला जाड ठेवणारे तंतू बनणं कमी होतं, आणि महिन्यामागून महिना ती पातळ होत जाते. मग एक दिवस क्रीम सुटतं आणि आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल होतात, पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. म्हणून आग होते. ते क्रीम पुन्हा लावलं की थांबते, आणि मुलीला वाटतं हेच औषध आहे. सुनंदा अशी तीनदा परत गेली होती.

तिला मी यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये त्वचारोग विभागात पाठवलं. दीड वर्ष रोज रात्री कडक स्टेरॉइड, म्हणून डॉक्टरांनी एकदम तोडलं नाही. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन दोन आठवडे रोज रात्री, मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सहा आठवडे. ही गोळी गरोदरपणात चालत नाही, म्हणून पाळीची तारीख विचारली. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. या गोळीने ऊन जास्त लागतं, म्हणून वेच्याला जायचं ते सकाळी लवकर, टोपी आणि सुती दुपट्टा घेऊन. चेहऱ्याला फक्त बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. साबण, ब्लीच, स्क्रब, लिंबू, हळदीचा लेप, सगळं बंद. आग झाली की गार पाण्याची ओली सुती घडी दहा मिनिटं. स्टेरॉइड असं हळूहळू कमी करायचा उतार प्रत्येकीचा वेगळा असतो, म्हणून हे सुनंदाचं वेळापत्रक स्वतःवर चालवू नका.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी आग सुरू झाली, दुसऱ्या आठवड्यात चेहरा सर्वांत वाईट होता. हे होणार, असं मी आधी सांगून ठेवलं होतं. पण एक विचारायचं माझ्याकडून राहिलं, आणि ते मला अजून लागतं: अकराव्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते. मामीने डबी पुढे केली, "आजच्या दिवस लाव गं पोरी." तिने लावली. सकाळी चेहरा शांत होता, आणि चार दिवसांनी पुन्हा पेटला. डॉक्टरांनी उतार पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत लग्नाची, परीक्षेची, कार्यक्रमाची तारीख विचारते आणि घरातल्या मोठ्या बाईला सोबत बसवते. मामी पुढच्या खेपेला आल्या. पेल्याखाली जाणारी लाली त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दाखवली, तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे आम्हीच पोरीचं तोंड सोलत होतो का जी?" डबी त्यांनीच फेकली.

दर रविवारी त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक फोटो काढायला मी तिला सांगितलं होतं. रोज आरशात पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. सहाव्या आठवड्यात नव्या पुटकुळ्या थांबल्या. मधल्या काळात चेहरा पहिल्यापेक्षा काळवंडल्यासारखा झाला आणि ती रडली. दबलेला रंग परत येत होता, शिवाय आग झाल्या जागी डाग राहतात, ते महिनोन्‌महिने फिके होत जातात. तिसऱ्या महिन्यात लाली फक्त उन्हात आणि चुलीशी येई. आठव्या महिन्यात गालाची चकाकी गेली होती आणि चिमटीत धरल्यावर कातडी पूर्वीसारखी कागदी वाटत नव्हती. नाकाजवळच्या दोन शिरा राहिल्या आहेत. अशा शिरा कधी कधी आपोआप जात नाहीत, त्यांना लेझर लागतो, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तुझ्या डबीत काय आहे ते कोणी सांगू शकत नसेल, तर डॉक्टरकडे जाताना डबी सोबत ने. असल्या काही क्रीममध्ये पाराही सापडतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो, म्हणून पाय सुजत असतील किंवा लघवीला फेस येत असेल तर तेही सांग, लघवी तपासतील. डोळ्यांभोवती लावत असशील आणि धूसर दिसत असेल, तर डोळ्यांचा दाब मोजून घे. क्रीम सोडल्यावर चक्कर, फार थकवा, उलट्या झाल्या, किंवा पू आणि ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नको, त्याच दिवशी जा.

सुनंदाचा गेल्या रविवारचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. दुपट्टा खांद्यावर आहे.