हिरवा ठिपका नेमके कोणते ॲप दाखवतो आणि त्याची परवानगी कशी काढावी?

प्रश्न: आईच्या अँड्रॉइड फोनवर वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. ती फोन वापरत नसतानाही तो जात नाही. सगळ्या ॲप्सना "वापरताना फक्त" अशीच परवानगी दिलेली आहे, मग ऐकते आहे कोण?

उत्तर: "वापरताना" या शब्दाचा अर्थ आपण "स्क्रीनवर उघडे असताना" असा घेतो, पण अँड्रॉइड त्याचा अर्थ तेवढाच घेत नाही. एखादे ॲप समोर उघडे असताना त्याने रेकॉर्डिंग सुरू केले आणि "मी काम करत आहे" अशी सूचना लावून ठेवली, तर होमचे बटण दाबल्यावर किंवा स्क्रीन बंद केल्यावरही ते वापरातच आहे असे फोन मानतो आणि त्याचा मायक्रोफोन चालू ठेवतो. तसे नसते तर स्क्रीन बंद करून व्हॉट्सॲपवर बोलता आले नसते. त्यामुळे आईच्या फोनवरच्या परवानग्या योग्य असूनही ठिपका राहू शकतो.

गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या फोनवर अगदी हेच झाले होते. ती भजनी मंडळाची तालीम आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ॲपवर टिपून ठेवते. दुपारी साडेचारला तिने ध्वनिमुद्रण सुरू केले, तालीम संपल्यावर स्क्रीन बंद करून फोन पिशवीत टाकला, आणि रात्री नऊला मला फोन दाखवला तेव्हा ठिपका होताच आणि बॅटरी जवळजवळ संपली होती. कोणीतरी आपले बोलणे ऐकते आहे या भीतीने तिने तोवर घरात कुजबुजत बोलायला सुरुवात केली होती.

मी आधी ठिपका वाचला. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, कोणतेही ॲप मायक्रोफोन किंवा कॅमेरा घेते तेव्हा आधी काही क्षण त्याचे छोटे चित्र दिसते आणि मग त्याचा ठिपका होतो. हा ठिपका ॲप नव्हे तर फोनची प्रणाली काढते, म्हणून ॲपला तो लपवता येत नाही. मात्र दोन्हींसाठी रंग एकच असल्यामुळे नुसत्या ठिपक्यावरून मायक्रोफोन की कॅमेरा हे कळत नाही. वरून खाली बोट ओढले की ठिपक्याच्या जागी पुन्हा चित्र येते, आणि त्या चित्रावर बोट टेकवले की आत्ता वापरणाऱ्या ॲपचे नाव दिसते. एखाद्या ॲपने काही क्षणांपूर्वीच वापर थांबवला असेल तर तेही तिथे तसे लिहिलेले असते. (आयफोनवर मायक्रोफोनसाठी नारिंगी आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका असतो, त्यामुळे तिथला हिरवा वेगळा वाचावा.)

मावशीच्या फोनवर त्या मुद्रण ॲपचेच नाव आले. तिचा प्रश्न मात्र रास्त होता: मुद्रण चालू होते तर सूचनांच्या यादीत ते का दिसले नाही? अँड्रॉइड १३ पासून ॲपला सूचना दाखवण्याचीही परवानगी मागावी लागते, आणि मावशीने त्रास नको म्हणून ती नाकारली होती. अशा वेळी ॲपचे काम चालूच राहते, फक्त त्याची सूचना यादीत येत नाही. वरून दोनदा बोट ओढून झटपट बटणांचा पडदा पूर्ण उघडला, तर त्याच्या तळाशी चालू ॲप्सची संख्या दिसते. तिथे बोट टेकवल्यावर ते ॲप आणि त्याच्यासमोर Stop असे बटण सापडले. तुमच्या आईच्या फोनवर ठिपका आहे पण सूचना नाही, असे असेल तर आधी इथे पाहावे.

Stop दाबण्याआधी एक काळजी घ्यावी. मुद्रण हवे असेल तर ॲप उघडून ते रीतसर जतन करावे, कारण Stop दाबल्यावर किंवा परवानगी काढल्यावर फोन ते ॲप तिथल्या तिथे बंद करतो आणि अर्धवट फाइल हाती लागेलच असे नाही. आम्ही ती तालीम आधी जतन केली.

त्यानंतर परवानगी. Settings मध्ये शोधाच्या चौकटीत Permission manager असे टाइप करणे सर्वांत सोपे, कारण प्रत्येक कंपनीच्या फोनवर त्याची वाट थोडी वेगळी असते. तिथे Microphone उघडले की ॲप्स गटांत मांडलेली दिसतात: वापरताना परवानगी असलेली, प्रत्येक वेळी विचारणारी आणि परवानगी नसलेली. ॲपच्या नावावर बोट टेकवून Ask every time निवडले तर ते ॲप पुढच्या वेळी विचारेल, आणि Don't allow निवडले तर त्याला आवाज मिळणारच नाही. मावशीच्या मुद्रण ॲपची परवानगी मी काढली नाही, कारण ते त्याचेच काम आहे. टॉर्चच्या ॲपला आणि एका पंचांगाच्या ॲपला मात्र मायक्रोफोन होता आणि त्याचे कोणतेही कारण मला सापडले नाही, म्हणून त्या दोन्हींची काढून टाकली. दोन्ही ॲप्स पूर्वीसारखीच चालली. ॲप मोडेल या भीतीने परवानगी राखून ठेवण्याचे कारण नाही: ज्याला खरेच आवाज लागतो, ते त्या जागी पुन्हा विचारते. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार दिला तर मात्र ते विचारणे थांबते आणि पुन्हा परवानगी द्यायची असल्यास याच पानावर यावे लागते.

झाले ते खरेच तेवढेच होते का, हे पाहण्यासाठी Settings मधले Privacy dashboard उघडावे. तिथे मायक्रोफोनच्या ओळीत कोणत्या ॲपने किती वाजता वापर केला याची गेल्या २४ तासांची नोंद असते, आणि अँड्रॉइड १३ पासून सात दिवसांचीही पाहता येते. मावशीच्या यादीत त्या दिवशी दोनच नावे होती: सकाळचा व्हिडिओ कॉल आणि दुपारपासूनचे ते लांबलचक मुद्रण. वरच्या तीन ठिपक्यांत Show system हा पर्याय असतो. फोनची स्वतःची अंगभूत ॲप्स एरवी यादीतून वगळलेली असतात, ती त्याने दिसतात.

या नोंदीत एक जागा अपुरी आहे. एखादे संकेतस्थळ मायक्रोफोन वापरत असेल, तर तिथे फक्त क्रोमचे नाव दिसते, संकेतस्थळाचे नाही. म्हणून क्रोमचे नाव अनोळखी वेळी आढळले, तर क्रोमच्या आतल्या Settings मध्ये Site settings आणि मग Microphone उघडून कोणत्या पत्त्यांना परवानगी दिली आहे ते तपासावे आणि नको असलेला पत्ता तिथूनच काढावा. शिवाय ठिपका आणि नोंद या दोन्हींवरून आवाज घेतला गेला एवढेच कळते. तो फोनमध्येच राहिला की बाहेर पाठवला गेला, हे कळत नाही.

ॲप शोधत बसण्यापूर्वी आईला लगेच निर्धास्त करायचे असेल, तर झटपट बटणांमध्ये Mic access हे बटण आहे. नसेल तर पेन्सिलच्या चित्रावर बोट टेकवून ते पडद्यावर आणता येते. ते बंद केले की ॲप्सना त्रुटी न दिसता फक्त शांतता मिळते. त्यामुळे मुद्रण चालू राहिल्यासारखे दिसते, पण फाइल ऐकली तर ती कोरी असते. मावशीने त्या रात्री तेच बटण बंद केले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या तालमीआधी ते चालू करायला मी तिला आठवणीने फोन केला.